फोटोखालच्या चार ओळी

आमच्या नातीला आम्ही खारू म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी बसत नसे. त्या दिवशी मात्र ती दुपारी एकपासून माझ्या खोलीतल्या खुर्चीत हातपाय आखडून बसली होती. बोर्डाचा निकाल लागला होता. बैठक क्रमांक आणि जन्मतारीख भरून चौथ्यांदा बटण दाबल्यावर पान उघडलं. पाचशेपैकी दोनशे अठ्ठ्याण्णव. एकोणसाठ पूर्णांक साठ टक्के.

तिच्या शाळेत एक पद्धत आहे. निकालाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या पानावर दहावीच्या सगळ्या मुलांचे फोटो लागतात, नुसत्या पहिल्या पाचांचे नाहीत. फोटोखाली मुलाने स्वतः लिहिलेला चार ओळींचा मजकूर. टक्के लिहायचे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. गुणपत्रिकेचा फोटो चालत नाही, कारण त्यावरचा क्रमांक आणि जन्मतारीख कुणाच्याही हाती पडू नये. मजकूर पालकांच्या फोनवरून वर्गशिक्षिकेकडे चारच्या आत जायचा. आला तसा त्या लावतात, एक काना बदलत नाहीत.

खारूला या पद्धतीचाच संशय होता. "हुशार मुलांचे लावायचेत, पण ते वाईट दिसू नये म्हणून आम्हालाही रांगेत उभं करतात," ती म्हणाली.

मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. अजूनही संध्याकाळी माझ्या टेबलाभोवती पाच-सहा मुलं असतात. अशा वेळी समजूत घालायची नसते, हे मला एवढ्या वर्षांत कळलंय. मी कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, लिही, मग बघू.

पहिल्या मजकुरात तिने लिहिलं, गुण म्हणजे सगळं काही नसतं. मी विचारलं, हे तू कुणाला सांगतेयस? ज्यांना जास्त मिळाले त्यांना?  खरं म्हणजे वाक्य खोटं नव्हतं. पण कमी गुणवाल्याने निकालाच्या दिवशी ते म्हटलं की भांडण उकरून काढल्यासारखं वाटतं. दुसऱ्या मजकुरात ती म्हणाली की मी सगळ्यांना निराश केलं. ते वाचून प्रत्येकाला तिला धीर द्यावा लागला असता, म्हणजे पुन्हा तीच मधोमध. तोही कागद बाजूला गेला.

तिसरा मात्र तिने एका दमात लिहिला. माझ्याकडे न बघता.

"मला एकोणसाठ पूर्णांक साठ टक्के मिळाले. गणिताची मला धास्ती होती, त्यात एक्कावन्न आले. ते माझ्या मैत्रिणीमुळे. स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून तिने मला चार महिने भूमिती शिकवली. तिला त्र्याण्णव टक्के मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे."

आकडा आधी आणि सरळ, त्याला कारण जोडलेलं नाही. आभार ठरावीक कामाचे, ठरावीक माणसाचे. दुसरीचं यश स्वतःच्या गुणांशी न तोलता. मी लाल पेन उचललं आणि टोपण न काढता खाली ठेवलं. ही मैत्रीण म्हणजे शिडी. उंच आहे म्हणून ते नाव पडलं. त्र्याण्णव टक्के मिळवूनही ती सकाळपासून गप्प होती. खारूला फोन करावा तर मिरवल्यासारखं होईल आणि न करावा तर तुटल्यासारखं, असं तिला वाटत असावं. खारूलाही तिला फोन करवत नव्हता. या चार ओळी म्हणजे तिच्यापर्यंत जायची खारूची वाट होती, हे मला दिसत होतं.

मजकूर तिने माझ्या फोनवर टाइप केला आणि आईला पाठवला. सूनबाई रुग्णालयात परिचारिका आहे. पावणेचारला तिचं उत्तर आलं, वॉर्डात आहे, ह्यांच्याकडे पाठवलाय, ते पुढे पाठवतील.

पाच वाजता आम्ही शाळेचं पान उघडलं. खारूचा फोटो होता. खाली लिहिलं होतं:

"परीक्षेच्या काळात अंगात एकशे दोन ताप असतानाही जिद्दीने पेपर दिले आणि चांगलं यश मिळवलं. सर्वांचे आशीर्वाद असू द्या."

टक्के नाहीत. गणित नाही. शिडी नाही.

खारूने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिच्या वह्यांवर लाल पेन मीच चालवत आलो, तेव्हा पहिला संशय माझ्यावर येणं रास्तच होतं.

"तुम्ही बदललंत?"

"नाही गं."

"पेन उचललं होतं तुम्ही. मी बघितलं."

मी फोन तिच्या हातात दिला, पाठवलेला मजकूर बघ म्हणालो. तिने पाहिला, शब्द न् शब्द तिचाच होता. तरी तिची नजर निवळली नाही. पाठवून झाल्यावर आईशी बोललात का, असंही तिने विचारून घेतलं. एवढ्यात सूनबाई कामावरून आली. खारूने तिला दारातच धरलं. तिने चपला काढता काढता पान वाचलं.

"एकशे दोन? एकशे दोन ताप असता तर मी तिला पेपरला सोडली असती होय? माझी नोकरी काय फुकटची आहे का?" ती म्हणाली. मग थांबून, जरा खालच्या आवाजात, "बाबा, हे तुमच्या शाळावाल्यांचं काम असेल. नाव चांगलं दिसावं म्हणून."

वर्गशिक्षिकेवर संशय घ्यायला खारू लगेच तयार झाली.  मी मात्र त्या तापाच्या आकड्यावरच अडकलो होतो. शंभर नाही, एकशे तीन नाही, बरोबर एकशे दोन. तो आकडा मी ओळखत होतो. तो माझाच होता.

तोवर फोटोखाली प्रतिक्रिया साचत होत्या. लवकर बरी हो, प्रकृतीला जप. अकरावी प्रतिक्रिया शिडीची होती. खारूने ती दोनदा वाचली आणि फोन आमच्यासमोर धरला.

"ताप कधी आला होता? गणिताच्या आदल्या दिवशी आपण सहा तास माझ्या घरी बसलो होतो."

बस्स, एवढंच. खाली हसरा चेहरा नाही, काही नाही.

"आता ती माझ्याशी बोलणार नाही," खारू म्हणाली. रडली नाही, नुसतं सांगितलं. "चार महिने तिने शिकवलं. आणि मी ताप लिहिला."

साडेपाचला माझा मुलगा आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. हात तेलकट असल्याने कोपराने दार ढकलायची त्याची सवय. आम्ही तिघे रांगेत बसलेले पाहून तो दारातच थांबला.

"लागला का फोटो?" त्याने विचारलं. आवाजातली घाई मला कळली, सूनबाईलाही.

"लागला ना. कुणाला ताप होता हो?" ती म्हणाली.

त्याने थोडं इकडचं तिकडचं केलं. मजकूर लांब होता, घाईत होतो, लिफ्टच्या टपावर उभं राहून पाठवला. मग खारूच्या तोंडाकडे बघून त्याने खरं सांगितलं. एकोणसाठ वाचून लोक काय काय बोलतील, ते त्याला तिच्या वाट्याला येऊ द्यायचं नव्हतं, तो म्हणाला. अशा दिवशी कारण द्यायचं असतं. कारण दिलं की लोक पुढे विचारत नाहीत.

"कुणी सांगितलं तुम्हाला असं?" खारूने विचारलं.

 त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

"मी," मी म्हणालो. "तुझ्या बाबांना दहावीला बेचाळीस टक्के पडले. बाजारात, शाळेत, नातेवाइकांत, जो विचारेल त्याला मी सांगत सुटलो, पोराच्या अंगात एकशे दोन ताप होता. मास्तरांच्या मुलाला बेचाळीस कसे, हे कुणी विचारू नये म्हणून. त्याला ताप नव्हता."

 मुलगा फडक्याने एकेक बोट पुसत राहिला.

"मला वाटायचं, तुम्हाला खरंच तसं आठवतंय," तो म्हणाला. "म्हणून कधी बोललो नाही."

तीस वर्षं मी समजत होतो की मी त्याला वाचवलं. तो समजत होता की मी विसरलो. यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण खारूला आमची जुनी कहाणी ऐकायला वेळ नव्हता. तिला शिडी हवी होती.

मुलाने सुचवलं, बाईंना सांगून तो मजकूर काढून टाकू. खारूने मान हलवली. काढला तर खालचे सगळे 'लवकर बरी हो' अधांतरी राहतील, आणि शिडीला वाटेल की पकडले गेलो म्हणून पुसलं. बदलायचा, आणि बदलला हे सांगायचं, असं तिचं म्हणणं पडलं. ते मी शिकवलेलं नव्हतं.

मुलाने बाईंना फोन लावला. मजकूर मुलीचा नव्हता, माझा होता, असं त्याने स्पष्ट सांगितलं.  पालकांकडून आलेला मजकूर मुलाला एकदा दाखवून मगच लावायला हवा, हे मला आधी सुचायला हवं होतं, बाई म्हणाल्या. दहा मिनिटांत खारूच्या चार ओळी फोटोखाली आल्या. त्याखाली मुलाने स्वतःच्या नावाने लिहिलं, "आधीचा मजकूर मी बदलला होता. तिला ताप नव्हता. चूक माझी आहे, तिची नाही." पाठवण्याआधी त्याने तो मला वाचायला दिला. मी त्यात काही सुधारलं नाही.

मग वाट बघणं. खारूने नवा मजकूर शिडीला फोनवर पाठवला. तिने वाचल्याचं कळत होतं, उत्तर येत नव्हतं. सूनबाईने चहा ठेवला, कुणी प्यायलं नाही. सव्वासहाला खारूचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर लावला. मुद्दाम की चुकून, ते मी विचारलं नाही.

"हे कुणी लिहिलं?" शिडीचा आवाज कोरडा होता. "आजोबांनी ना? मनापासून आनंद वगैरे तू कधी म्हणतेस?"

"मीच लिहिलं."

"आधीचंही तुझ्याच नावाने होतं."

खारूने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केले. इथे माझं काही काम नव्हतं. साक्षीदार म्हणूनही माझा आज उपयोग नव्हता.

"मग लिहिलेलं सोड," खारू म्हणाली.  "ऐक. तू नसतीस तर मी गणितात उडाले असते. सकाळी तुझे त्र्याण्णव बघून आधी मला पोटात दुखलं, खरंच दुखलं. मग बरं वाटलं. दोन्ही झालं. आता ठेव विश्वास, नाहीतर नको ठेवू."

 मुलाने फडकं घट्ट धरलं होतं.

"पोटात दुखलं, हे आजोबांनी लिहून दिलं नसतं," शिडी म्हणाली. "खाली ये. मी तुमच्या गेटपाशीच उभी आहे कधीची."