शिनोलीचा चहा

सोपानमामांची शाळेची व्हॅन ओतूरच्या आजूबाजूच्या वस्त्यांवरची अकरा पोरं ने-आण करायची. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून घेतलेली. पेट्रोल महागलं तेव्हा भाडं वाढवायचं ठरलं, पण पालक म्हणाले, आधी खर्च दाखवा. ते काम सुनेकडे, साक्षीकडे आलं. ती गावातल्या एका दुकानाचे हिशेब बघायची.

दुपारी जेवण झाल्यावर मामांनी फोन तिच्या पुढ्यात ठेवला. "घे बाई. बँकेचे मेसेज सगळे यातच हायेत. मला काय ते काढता येत न्हाई."

साक्षीने सगळे मेसेज लॅपटॉपवर उतरवले आणि चार रकाने केले: तारीख, रक्कम, जमा की नावे, कुणाला. सूत्र लावलं तर पेट्रोलचे पैसे 'जमा'त पडायला लागले. बँक एकाच मेसेजमध्ये दोन्ही शब्द लिहिते, खात्यातून डेबिट आणि पुढे पंपाला क्रेडिट. तिने सूत्राला मामांच्या खात्याच्या आकड्यांनंतर लगेच येणारा शब्द धरायला लावला, तेव्हा ओळी जागेवर बसल्या.

मग एकसारख्या ओळी दिसल्या. एकाच तारखेला पंपाला पाचशे, पुन्हा पाचशे, पुन्हा पाचशे. बँकेचा मेसेज कधी कधी दोनदा येतो, हे तिला ठाऊक होतं. तारीख, रक्कम आणि नाव सारखं असलेल्या जादा ओळी तिने काढून टाकल्या.

पण शिल्लक जुळेना. मेसेजच्या शेवटी बँक देते ती शिल्लक, आणि तिच्या तक्त्यातून येणारी, यांत फरक पडत होता, तोही नेमका काढलेल्या ओळींएवढा. तिने मूळ मेसेज पुन्हा उघडले. प्रत्येकाचा संदर्भ क्रमांक वेगळा होता. म्हणजे मेसेज दोनदा आला नव्हता. मामा एका सकाळी तीनदा पंपावर गेले होते.

तिने काढलेल्या ओळी परत आणल्या आणि तक्ता 'कुणाला' या रकान्यानुसार लावला. दूधवाल्याला एका दिवसात दोनदा. गॅरेजला तेच बिल दोनदा. आणि एक दहा आकडी नंबर, ज्याला वीस-तीस रुपये गेले होते. या महिन्यात सहा वेळा. नावाच्या जागी नुसता मोबाईल नंबर होता.

तिने तो लावून पाहिला.

"भिका बोलतोय. शिनोलीचं हॉटेल. कोण पायजे?"

"एक म्हातारे गृहस्थ येतात का तुमच्याकडे? पांढरी व्हॅन घेऊन?"

"सोपानभाऊ व्हय? येत्यात की. आधी भीमाशंकरची गाडी आणायचे, माझ्या बापाच्या वक्ताला. आता येत्यात न् इचारत्यात, कंडक्टर चहा पिऊन गेला का? मी म्हणलं, चेष्टा करत असतील." मग हलकेच म्हणाला, "ताई, चेष्टा न्हाई का ती?"

शिनोली घोडेगावच्याही पुढे, ओतूरपासून तासाभराहून लांब. पोरांना शाळेत सोडलं की मामा घरी जेवायला उशिरा यायचे आणि गॅरेजात होतो म्हणायचे. साक्षी अंगणात आली. व्हॅन नव्हती. शाळा सुटायची वेळ होऊन गेली होती आणि मामांचा फोन तिच्याच हातात होता.

तिने शाळेत लावला. वॉचमन म्हणाला, पोरं घेऊन गेले की मघाच. पहिल्या वस्तीवरच्या आक्काबाईंना लावला. "न्हाई आली अजून व्हॅन. आमी वाटच बघतोय."

साक्षीची मुलगी श्रेया त्याच व्हॅनमध्ये होती.

तिने भिकाला पुन्हा फोन केला. "आले तर जाऊ देऊ नका. काही बोलू नका. किल्ली मागून घ्या फक्त." मग मंचरला कामावर असलेल्या नवऱ्याला, प्रबुद्धला. "शिनोलीला जा. आत्ता. गाडीत पोरं आहेत." तो काही विचारू लागला. ती म्हणाली, "नंतर सांगते."

त्यानंतर ती फक्त बसून राहिली. पालकांचे फोन येत होते. प्रत्येकाला ती सांगत होती, येतायत. तिला ते खरं वाटत नव्हतं. लॅपटॉपवर तक्ता उघडाच होता आणि त्यातली एकही ओळ खोटी नव्हती. जी तिने चूक समजून पुसली होती, तीच सगळ्यात खरी निघाली होती.

उन्हं उतरली तेव्हा भिकाचा फोन आला. आवाज दबका होता. "आलेत. पोरं बिस्किटं खात्यात, बरी हायेत. एक लहानगं रडतंय. किल्ली देत न्हाईत ताई, म्हणत्यात, डेपोला जमा करायची हाये. मी गाडीपुढं बाकडं आडवं टाकलंय."

प्रबुद्ध पोचला, डेपोत मीच जमा करतो म्हणून किल्ली घेतली आणि व्हॅन त्यानेच चालवत आणली. अंधारात प्रत्येक वस्तीवर थांबून पोरं खाली उतरवली. पालक मुलांचे हात घट्ट धरून आत गेले. आक्काबाईंनी फक्त विचारलं, "उद्या कोण नेणार?"

मामा बाजूच्या सीटवर होते, मागे श्रेया झोपली होती. घरी आल्यावर हातपाय धुऊन जेवायला बसले, भाकरी मोडली आणि साक्षीकडे बघून सावकाश म्हणाले, "झालं का गं तुझं काम? फोन दे मग. सकाळी पेट्रोल भरायचंय."

तिने फोन दिला नाही. किल्ली प्रबुद्धच्या खिशात होती. मामा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले, अनोळखी स्टँडवर उतरल्यासारखे.