शून्य क्षेत्रफळात बावीस माणसं

घरात मी त्यांना ‘अहो’ म्हणते आणि तपासणी केंद्रात ‘सर’ म्हणते. ते मला घरात ‘अगं’ म्हणतात आणि केंद्रात ‘मॅडम’. दोघंही गणिताचे शिक्षक. एकोणतीस वर्षं संसार झालाय, त्यात एकमेकांपाशी चूक कबूल करायची वेळ आली की आम्ही हटकून केंद्रातल्या भाषेवर येतो.

यंदाही तेच मुख्य नियामक होते, म्हणजे उत्तरसूची त्यांनी बनवायची आणि आम्ही बावीस परीक्षकांनी तिच्या बरहुकूम पेपर तपासायचे. एकतीस वर्षांत त्यांच्या सूचीवर एकही शुद्धिपत्रक निघालं नव्हतं. हे वाक्य ते दर पाहुण्याला पाणी दिल्या दिल्या ऐकवायचे. पुढच्या महिन्यात निवृत्ती, त्यामुळे यंदा पाहुणे जरा जास्तच येत होते.

तिसऱ्या दिवशी माझ्या गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका आली. अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण डोकं ठिकाणावर. प्रश्न होता: y = x³ − 4x हा वक्र आणि X-अक्ष यांनी वेढलेलं क्षेत्रफळ काढा. पोरानं, किंवा पोरीनं, आधी मुळं काढली होती: −2, 0 आणि 2. मग आकृती. डावीकडे वक्र अक्षाच्या वर फुगलेला, उजवीकडे तेवढाच खाली लोंबलेला. मग इंटिग्रेशन मुळांपाशी तोडून दोन तुकडे. x⁴/4 − 2x² मध्ये −2 ते 0 ठेवलं की 4, आणि 0 ते 2 ठेवलं की −4. खाली लिहिलं होतं, ‘दुसरा भाग अक्षाच्या खाली आहे म्हणून उत्तर उणे आलं, पण क्षेत्रफळ उणे नसतं, म्हणून 4 + 4 = 8.’ शेजारी दोन्ही भाग पेन्सिलीनं भरलेले. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

सूचीत उत्तर होतं शून्य.

सरांनी −2 ते 2 असं एका दमात इंटिग्रेशन केलं होतं. अधिक चार आणि उणे चार एकमेकांना खाऊन मोकळे. आणि नियम असा, की या प्रश्नाला अंतिम उत्तर बरोबर असेल तर चार गुण, नाहीतर भोपळा. त्या पत्रिकेचे बाकीचे गुण भरले एकतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. म्हणजे हे लेकरू बरोबर लिहिल्याबद्दल नापास होणार होतं.

सूची कधी बनली तेही मला माहीत होतं. दुधावर लक्ष ठेवा असं सांगून मी अंघोळीला गेले होते. हे ओट्याशी कागद घेऊन बसले, दूध उतू गेलं, आणि संध्याकाळी भाजी आणून म्हणाले, झालं, आजचा हिशेब बरोबर. दूध सांडलं आणि भाजी आणली तर यांच्या लेखी दिवसभरात काही सांडलंच नाही. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

मी उठून टेबलापाशी गेले आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांनी कागद पाहिला. त्यांना कळलं. मला त्यांच्या कानांवरून कळतं, कान लाल होतात. पण तोंडानं म्हणाले की दोन दिवसांत नऊशे पेपर तपासून झालेत, आता सूची बदलायची तर शंकेची प्रत्यक्ष पडताळणी व्हायला हवी, तसं नियमातच आहे. त्यांना वाटलं, मी गप्प बसेन. म्हटलं, करा की पडताळणी.

मी बाकं भिंतीला सरकवायला लावली. हॉलची फरशी चांगली, एक फुटाची चौकोनी. तीन फरश्या म्हणजे एक एकक, असं ठरवलं. मधून खडूनं X-अक्ष मारला. उणे एकपाशी वर नऊ फरश्या, अधिक एकपाशी खाली नऊ फरश्या, अधेमधे आणखी बिंदू, आणि सगळ्यांवरून पडद्याची दोरी फिरवली. वक्र झकास आला. संख्याशास्त्रवाल्या सरांनी फरश्या मोजल्या, कापलेल्या तुकड्यांची जोडाजोड करून. डाव्या पोटात छत्तीस, उजव्या पोटात छत्तीस. एका चौरस एककात नऊ, म्हणजे चार आणि चार. मुख्य नियामक म्हणाले, वरच्या अधिक छत्तीस, खालच्या उणे छत्तीस, एकूण फरश्या शून्य.

माझं डोकंच फिरलं. शून्य क्षेत्रफळात मुंगीसुद्धा मावायची नाही, म्हणून मी सगळ्यांना आत उभं राहायला सांगितलं. अकरा जण वरच्या पोटात, अकरा जण खालच्या. मी खालच्या. दाटीवाटी झाली खरी, पण मावलो. कोपऱ्यात, मुळापाशी, जागा इतकी निमुळती की तिथल्या बाईंना एका पायावर उभं राहावं लागलं. एक धिप्पाड सर अक्षावरच पाय फाकून उभे होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, माझं पोट वर आहे आणि मन खाली.

मुख्य नियामकांनी आम्हाला मोजलं. वर अकरा, खाली अकरा. म्हणजे हॉलमध्ये परीक्षक शून्य, असं त्यांनी जाहीर केलं. आवाज जरा चिरकला, पण माघार घेतील तर शपथ.

तेवढ्यात चहावाला आला आणि किती, म्हणून विचारू लागला. हे म्हणाले, एक. चहावाल्यानं आमच्याकडे बघितलं. बावीस माणसं दोरीच्या आत, त्यातल्या एक बाई एका पायावर. पण वीस वर्षं शिक्षकांना चहा पाजलेला माणूस तो, त्याला कशाचं नवल नाही. म्हणाला, बरं, आणि एकच कप ठेवून गेला.

खालच्या पोटात कुजबुज सुरू झाली. आपण उणे का, असं एकानं मला विचारलं, म्हणजे मीच काही केल्यासारखं. वरचे अकरा जरा ऐटीत उभे होते, पण चहा त्यांनाही मिळाला नव्हता हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. हे खुर्चीत बसून चहा पीत होते. एकेक घोट असा घेत होते की जणू औषध आहे.

आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाई, ज्यांनी सरांना कधीकाळी शाळेत गणित शिकवलं होतं आणि ज्या निवृत्तीनंतरही तपासायला येत, त्या दोरीपाशी सरकल्या. त्यांनी चष्मा सारखा केला.

“बाळ,” त्या म्हणाल्या, “आम्ही शून्य असलो, तर नऊशे पेपर कुणी तपासले? सही तर तुझी आहे.”

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, आठ करा. दोरी ओलांडून आम्ही आपापल्या बाकांकडे गेलो.

नऊशे पेपरांमधला तो एक प्रश्न पुन्हा तपासायला दुपार गेली. आठ लिहिणाऱ्यांना चार द्यायचे, शून्य लिहिणाऱ्यांचे चार काढायचे. द्यायला बरं वाटत होतं. काढताना नाही. शून्यावर दोन दिवसांपूर्वी सूचीवर भरवसा ठेवून मीच हसत हसत बरोबरची खूण केली होती, ती आता मीच खोडत होते. बहुतेकांचा निकाल तसाच राहिला. पण चार मुलं नापासाची पास झाली, त्यात माझं एकतीसवालं लेकरू. आणि चार मुलं पासाची नापास झाली.

हे सरांनी परीक्षा मंडळाच्या कार्यालयाला फोनवर कळवलं. पलीकडच्या बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, निकालात एकूण बदल किती? यांनी सांगितलं, चार वाढले, चार कमी झाले. बाई म्हणाल्या, मग बदल शून्य. बदल कळवायच्या नमुन्यात एकच चौकट आहे, तीत शून्य लिहा. बदल शून्य असेल तर दुरुस्ती धरत नाहीत, जुनेच गुण कायम राहतात आणि शुद्धिपत्रकाचीही गरज नाही. तुमचं रेकॉर्ड स्वच्छ राहील सर, असंही वर म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला. समोर छापील नमुना, मधोमध ती एकुलती एक चौकट. मी उभी होते. आता मला खरंच भीती वाटली. दुपारभर मी या माणसाला हरवायला बघत होते, आणि आता त्याला फक्त एक शून्य लिहायचं होतं. एक गोल. की त्याचीच सूची बरोबर, एकतीस वर्षं बिनडाग, आणि माझ्या गठ्ठ्यातलं ते लेकरू पुन्हा एकतिसावर. त्याला कधी कळणारही नाही की कुणीतरी त्याचं बरोबर उत्तर वाचून खूश झालं होतं.

मी काही बोलले असते तर त्यांनी हट्टानं शून्यच लिहिलं असतं, मी ओळखून आहे.

त्यांनी पट्टी मागितली. मी दिली. चौकटीच्या मधोमध त्यांनी पट्टी आडवी ठेवली आणि एक रेघ मारली. वरच्या अर्ध्यात लिहिलं, पास झाले: 4. खालच्या अर्ध्यात लिहिलं, नापास झाले: 4. मी बघत होते. खालच्या चाराआधी त्यांनी उण्याचं चिन्ह दिलं नाही.

“ही चार पोरं वजा नाहीत,” ते म्हणाले. “यांचे सगळे पेपर पहिल्यापासून पुन्हा बघू. कुठे रास्त गुण राहिला असेल तर द्यायचा. नसेल तर नाही. पण बघितल्याशिवाय शून्य म्हणायचं नाही.”

मग चौकटीच्या बाहेर, समासात, बाधित विद्यार्थी एकूण आठ, असं लिहिलं. खाली लिहिलं, चूक उत्तरसूचीची, उत्तरसूची माझी. आणि सही केली. कान लालबुंद झाले होते.

चार पेपर आम्ही दोघांनी मिळून बघितले, ओळ न् ओळ. एकाला बेरजेत चार गुण कमी धरले होते, तो पास झाला. दुसऱ्याला एका पायरीचे दोन मिळाले, ते पुरेनात. उरलेल्या दोघांचं काहीच करता आलं नाही. सरांनी खालच्या चाराचे तीन केले, पण समासातला आठ खोडला नाही. मला त्या तिघांचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

चहावाला कप न्यायला आला आणि पुन्हा विचारलं, किती आणू? सर खुर्चीतून उठले. एकेका बाकाकडे बोट करत त्यांनी आम्हाला सगळ्यांना मोजलं, मधे न थांबता, वरचे खालचे न करता.

“बावीस,” ते म्हणाले. “माझा झालाय.”

घरी गेल्यावर दूध तापत ठेवलं आणि हे ओट्यापाशी उभे राहिले, ते गॅस बंद करेपर्यंत हलले नाहीत. मी म्हटलं, अहो, पुरे आता, जेवायला बसा.