टार्गेट पाचशे वीस

लाइट गेली आणि इन्व्हर्टर टीं करून वाजला. पुंडलिकनगरातली दुपार तोवर अगदी गप्प होती. मांडीवर झोपलेल्या लेकीनं डोळे किलकिले केले. थोपटलं, तशी शाळेच्या कपड्यांतच पुन्हा झोपली. एका हातानं मी एक्सेलची शीट सेव्ह केली. ती झोपते तेवढं माझं ऑफिस.

मुंबईच्या एका ब्रोकरेजचं काम मी घरून करते. शेअर घ्यावा की विकावा हे सांगणारे अहवाल सर लिहितात, त्यामागची आकडेमोड माझी. नावं दोघांची छापली जातात. या वेळी कंपनी कपाशीच्या बियाण्याची होती. कंपनी दुकानदाराला माल पाठवते तेव्हाच विक्री धरते, उरलेला माल हंगामानंतर परत येतो. परत किती येणार, ते दुकानदारालाच आधी कळतं. म्हणून मी चौदा दुकानदारांना विचारलं होतं. त्यात वैजापूरचे काकासाहेबमामाही होते.

"लई माल पडलाय, माय," मामा म्हणाले होते. "यंदा समद्यांनी मका धरली. निम्म्या पेट्या वापस जातील बघ."

चौदांपैकी नऊ जण हेच म्हणाले.

परतीचा माल वाढवून धरला तर यंदाची एका शेअरमागची कमाई वीस रुपये येत होती. अशा कंपनीला बाजार कमाईच्या अठरापट भाव देत आलाय. म्हणजे तीनशे साठ. शेअर चालला होता चारशे तीसला. सरळ 'विका'.

सरांचा फोन आला तेव्हा मी कुजबुजतच बोलले.

"पोरगी झोपलीय का? बरं, ऐक. परतीचा माल दरवर्षीइतकाच धर."

"सर, नऊ दुकानदार म्हणतात..."

"देशात दुकानं किती आहेत? चौदा? आणि कमाई पुढच्या वर्षीची घे. सव्वीस येते ना? पट वीस लाव."

"वीस कशासाठी?"

"नवीन वाण येतंय, ते लिही. बघ किती होतं."

पाचशे वीस. चालू भावाच्या एकवीस टक्के वर. आमच्याकडे पंधराच्या वर गेलं की 'खरेदी करा'. आधी उत्तर ठरलं होतं, मग गणित आलं.

"विका लिहिलं ना," सर थकल्या आवाजात म्हणाले, "तर कंपनीवाले उद्यापासून फोन उचलणार नाहीत. ज्या फंडांकडे हा शेअर आहे ते वेगळे चिडतील. त्यांच्याच मतांवर आपला बोनस ठरतो. मी बावीस वर्षांत चार वेळा विका लिहिलंय. दोनदा नोकरी बदलावी लागली."

एक गोष्ट ते बोलले नाहीत. कंपनी नवे शेअर विकून पैसा उभा करणार, असं बाजारात बोललं जात होतं. ते काम मिळावं म्हणून आमचे बँकिंगवाले तिच्या दारात बसून होते. त्यांच्यात आणि आमच्यात भिंत असते, एकानं दुसऱ्याच्या कामात डोकावायचं नाही, असं नियमात लिहिलंय. काम अजून मिळालेलं नव्हतं. त्यामुळे अहवालाखालच्या बारीक अक्षरांतलं 'गेल्या बारा महिन्यांत या कंपनीकडून मोबदला घेतलेला नाही' हे वाक्य अगदी खरं होतं.

त्याच बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य असतं: ही मतं आमची स्वतःची आहेत. त्याला मी मेलवर होकार द्यायचा होता.

नाही म्हटलं असतं तर? या गावात बसून हे काम देणारं दुसरं कुणी नाही. मुंबईला जायचं, तर लेकीला इथं आजीकडं ठेवून जायचं. तिच्या केसांतून हात फिरवला. मग 'मान्य' लिहिलं. पाठवलं. वरणाला फोडणी द्यायची राहिली होती.

तीन दिवसांनी मामांचा फोन आला. लेक शेजारी चित्र रंगवत होती. स्पीकर चालूच राहिला.

"माय, तुझं नाव आलं की! पोरानं मोबाइलवर दाखवलं. पाचशे वीस म्हणे! बक्कळ घेतले बघ मी. कांद्याचे आलेले पैसे सगळे घातले."

"मामा, पण... तुमच्या गोदामात तर..."

"अगं, ते माझं गोदाम! मला काय, वैजापूरचं दिसतं. तुला साऱ्या मुलखाचं दिसत असंल. म्हटलं, भाची लिहिती म्हणजे आपलाच अंदाज चुकला असंल. व्हय ना?"

छापलंय एक आणि नात्यातल्या माणसाला खासगीत सांगितलं दुसरं, तर नोकरी जातेच, लायसन्सही जातं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला नियम आठवलाच नाही. मला फक्त लाज वाटली.

"माय? हाय का लाइनीवर?"

"आहे, मामा. पोरगी हाक मारतेय. करते नंतर."

तिनं हाक मारली नव्हती. खडू तसाच हातात धरून ती माझ्याकडं बघत होती.

"आई, मामाआजोबांचं काय चुकलं?"