बारा ते दहा

स्ताव्रोसने मोबाइल डोक्यावर धरून रुग्णालयातल्या दाराशेजारच्या पाटीचा फोटो घेतला. गाबेर त्याच्या खांद्याआडून बघत राहिला. पाटी बघण्यात त्याला काही अर्थ नव्हता, अक्षरओळखच नव्हती.

"लुत्फीकाका येऊ देत, त्यांना विचारू," गाबेर म्हणाला. लुत्फीकाका दारावरचे पहारेकरी; ते चहाला गेले होते, त्यांची खुर्ची रिकामी होती.

"विचारायचं कशाला? मी काय नवखा आहे?"

नवखा नव्हताच तो. अलेक्झांड्रियात जन्मला, गाबेरच्या आईच्या दुधावर गाबेरबरोबरच वाढला, आणि दहाव्या वर्षी आईबापांबरोबर बोटीने ग्रीसला गेला. साठ वर्षांनी आला तरी मासळीबाजारात कोळिणीशी भाव करताना तिला हसू आवरेना, इतकी त्याची गल्लीतली अरबी पक्की होती. फक्त वाचता येत नव्हती. लहानपणी ट्रामचे आकडे मात्र पाठ झाले होते, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला तेवढं पुरतं.

मोबाइलने भाषांतर दाखवलं: अतिदक्षता विभाग, भेटीची वेळ, बारा ते दहा. त्याने पाटीशी ताडून पाहिलं. डावीकडे बारा, मध्ये आडवी रेघ, उजवीकडे दहा. बरोबर.

"बारापासून रात्री दहापर्यंत. आता साडेनऊ. चल, काहीतरी खाऊन घे."

"मी इथंच बसतो रे. आई आत एकटी आहे, रात्री घाबरली होती."

"दिवसभर बसायचंय तिच्यापाशी. उपाशी पडलास तर तिच्याच शिव्या खाशील."

गाबेर हसला आणि उठला. शिकलेल्या माणसाचं ऐकायची त्याला जन्माची सवय होती. कोपऱ्यावर दोघांनी फूल, म्हणजे तिथली वालासारख्या दाण्यांची उसळ, आणि पाव खाल्ला, लिंबू पिळून. मग गाबेरने आईसाठी पेरू घेतले. एकेक हुंगून घेतला, कारण तिला कच्चा चालत नसे.

बाराला पाच मिनिटं असताना ते परतले, तेव्हा नातेवाइकांचा घोळका जिन्यावरून खाली उतरत होता. लुत्फीकाका दाराला कडी घालत होते.

"संपली वेळ. उद्या या."

"संपली कशी? आता तर सुरू होतेय!" स्ताव्रोसने मोबाइल पुढे केला. "बारा ते दहा!"

लुत्फीकाकांनी मोबाइलकडे पाहिलंही नाही. आत ओळखीची परिचारिका दिसली तसा गाबेर त्यांच्या हाताखालून आत घुसला होता. त्याला हाक मारता मारता त्यांनी पाटीवर बोट ठेवलं, उजव्या कडेला.

"इथून सुरू करतात, ख्वागा," परदेशी साहेबाला तिथे म्हणतात तसं ते म्हणाले. "दहा. मग रेघ. मग बारा. आमची ओळ उजवीकडून चालते."

"पण आकडे तर डावीकडूनच..."

"एक आकडा आतल्या आत डावीकडून. बारा हे बाराच राहतात, एकवीस होत नाहीत. पण दोन आकडे शेजारी आले, की आधी उजवा, मग डावा. दहा ते बारा. पोरंसोरंही जाणतात हे." काका थांबले. "कुणी वाचलं हे असं?"

स्ताव्रोसने मोबाइल खिशात टाकला. यंत्राने शब्द नीट लावले होते. आकड्यांची ओळ मात्र आपल्या सवयीने डावीकडून घेतली होती, आणि त्याने ती ताडून पाहिली तीही डावीकडूनच. चूक दोनदा झाली, म्हणून खरी वाटली.

गाबेर बाहेर आला. पेरूंची पिशवी अजून हातातच होती.

"अकराला शुद्धीवर आली होती," तो म्हणाला. "परिचारिका सांगत होती. आई माझं नाव घेत होती. परिचारिकेनं दोनदा दारात येऊन हाक मारली म्हणे, गाबेर कोण म्हणून." त्याने भिंतीला पाठ टेकली. "पावणेबाराला गेली."

स्ताव्रोसला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"हरामखोर आहेत सगळे," गाबेर पुटपुटला. "पाटीवर एक लिहितात, आत एक करतात."

लुत्फीकाका कडीशी चाळा करत दुसरीकडे पाहू लागले. तसंच राहू दिलं असतं तर राहिलं असतं. गाबेर ती पाटी आयुष्यात कधी वाचणार नव्हता.

"पाटी बरोबर होती," स्ताव्रोस म्हणाला. "दहा ते बारा. मी उलटी वाचली."

गाबेरने पेरू खाली ठेवले आणि सदऱ्याच्या खिशातून आत मिळालेला कागद काढला. त्याच्यावर शिक्के होते आणि खाली अंगठ्यासाठी जागा होती.

"आईला कधी नेऊ देणार, ते ह्यात आहे म्हणे," तो म्हणाला. "हा तरी नीट वाच."

स्ताव्रोसने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि लुत्फीकाकांसमोर धरला.

"काका, मला येत नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासून वाचा. आम्ही ऐकतो."