डावी बाजू

वीस वर्षं मी परीक्षेत कॉपी पकडायचं काम करते आहे. बाहीच्या शिवणीत, मोज्यात, पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागे, कुठे कुठे लोक चिठ्ठ्या लपवतात ते मला विचारा. वर्गात शिरल्या शिरल्या कुणाच्या पोटात गोळा आलाय ते मला मानेवरून कळतं. त्यामुळे आईच्या डाव्या छातीखालची लाली तिसऱ्यांदा परतली, तेव्हा माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. कोणीतरी कामात अंगचोरी करत होतं, आणि घरात बाहेरचं माणूस एकच होतं. मावशी.

मावशी म्हणजे आईला सांभाळायला एजन्सीने पाठवलेल्या बाई. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आई बहात्तरची, अंगाने भरपूर, गुडघ्यांनी दगा दिलेला आणि बारा वर्षं साखरेचा आजार. मी ऑफिसला गेले की आंघोळ, औषधं, चालवणं, सगळं मावशींच्या हाती. बाई मितभाषी होत्या. मला मितभाषी माणसांचा भरवसा वाटत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये सगळ्यात शांत मुलगाच बहुतेक वेळा सापडतो.

लाली पहिल्यांदा आली तेव्हा दोन्ही छातींखाली होती आणि पोटाच्या घडीतही. लालभडक, ओलसर कातडी, कडेला बारीक बारीक पुटकुळ्या, आणि आईचं सारखं चुळबुळणं. मी आधी औषधाच्या दुकानातून एक मलम आणलं. दोन दिवसांत लाली फिकी पडली, आठवड्यात दुप्पट पसरली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब बघून कपाळाला हात लावला.

"ह्यात स्टिरॉइड आहे. वरची लाली दबते, खालची बुरशी मजेत वाढते. हे बंद."

मग त्यांनी घडीतली थोडी कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि कँडिडा ही बुरशी आहे म्हणाल्या. कातडीला कातडी चिकटते, मध्ये घाम साठतो, हवा लागत नाही, त्यात साखर वाढलेली. बुरशीला आणखी काय हवं? त्यांनी साधं बुरशीनाशक मलम दिलं. दिवसातून दोनदा, पातळ थर. लाली गेली तरी पुढे दोन आठवडे लावायचं. त्याच्या आधी मात्र जागा कोरडी हवी: मऊ कापडाने टिपायची, घासायची नाही, मग पंख्यासमोर दहा मिनिटं घडी उचलून धरायची. दिवसभर घडीत सुती कापडाची पट्टी, ती ओली झाली की लगेच बदलायची.

"आणि साखर आटोक्यात ठेवा," त्या म्हणाल्या, "नाहीतर मी मलमं लिहीत राहीन आणि तुम्ही येत राहाल."

मी सगळं कागदावर उतरवून फ्रीजवर चिकटवलं. मावशींना वही दिली, रोज लिहायला सांगितलं. पोटाची घडी बरी झाली. उजवी बाजू बरी झाली. डावीही बरी झाली आणि मलम थांबवल्यावर पुन्हा लाल झाली. पुन्हा मलम, पुन्हा बरी, पुन्हा लाल. आईला झोपेत कण्हताना ऐकलं की माझा जीव तुटायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, साखरेच्या माणसाची कातडी फाटली की दुसरे जंतू आत शिरायला वेळ लागत नाही. डावीकडे आता बारीक भेग दिसायला लागली होती.

मी वही काढली. रोज एकच नोंद होती. "उजवी बाजू, पोट: कोरडं केलं, मलम लावलं. डावी बाजू आजींनी स्वतः केली."

वा! म्हणजे बिघडलं तर आजींनी स्वतः केलं. अशी उत्तरं मी रोज ऐकते. चिठ्ठी माझी नाहीच मॅडम, बाकाखाली आधीपासून होती.

मी पुरावे गोळा करायला लागले. ट्यूबवर पेनाने बारीक रेघ मारली. वापर बरोबर निघाला. धुतलेल्या पट्ट्या मोजल्या, त्याही बरोबर. रोजची साखर बघितली, बरी होती. सगळं इतकं बरोबर निघाल्यावर मला जास्तच राग आला. इतकं बरोबर कोणाचंच नसतं.

शेवटी गुरुवारी मी अर्धी रजा टाकून न सांगता घरी आले. चपला हातात घेऊन आत गेले. स्वतःच्या घरात! आई न्हाणीघरातल्या खुर्चीवर बसली होती, आणि मावशी दारात उभ्या होत्या. आईकडे पाठ करून. भिंतीकडे बघत.

"हे काय चाललंय?"

मावशी दचकल्या. "काही नाही ताई. आजींचं होऊ देतेय."

"तुम्हाला पाठ फिरवून उभं राहायला ठेवलंय का मी?"

"आजीच म्हणतात, तोंड फिरव म्हणून."

मी आईकडे बघितलं. तिने घाईघाईने गाऊनची बटणं लावली. "अगं, करते गं मी माझं. इतकी काही लुळी नाही झाले."

आई त्यांना पाठीशी घालतेय असं मला वाटलं. दिवसभर एकत्र राहिल्यावर लळा लागतो, आणि असा लळा लावून घेणारी माणसं मी पाहिलेली आहेत. मी गॅलरीत जाऊन एजन्सीला फोन केला आणि सोमवारपासून दुसरी बाई पाठवा म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, हयगय. हा शब्द त्यांच्या रजिस्टरमध्ये जातो आणि पुढचं काम मिळणं कठीण होतं, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं.

शनिवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. आईला उठवायला-बसवायला मावशी बरोबर होत्या. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं.

आई तपासायच्या टेबलावर आडवी झाली. डॉक्टरीणबाईंनी उजवी बाजू उचलून बघितली: स्वच्छ. पोट: स्वच्छ. मग डावी उचलली आणि दिवा जवळ ओढला.

"पट्टी कोण ठेवतं इथे?"

"ह्या," मी मावशींकडे बोट केलं.

"उजवीकडे मी ठेवते," मावशी म्हणाल्या. "डावीकडे आजी."

"बघा, हेच," मी सुरू झाले. "प्रत्येक वेळी हेच उत्तर—"

"थांबा जरा." डॉक्टरीणबाईंनी मला जवळ बोलावलं. "हे बघा. ही कड."

लालीची एक कड सरळ होती. फूटपट्टीने आखल्यासारखी. आणि त्या रेघेत बारीक बारीक दात उमटले होते.

"बुरशी अशी सरळ रेघ मारत नाही," त्या म्हणाल्या. "आजी, इथे काय ठेवता तुम्ही?"

आई छताकडे बघत राहिली. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. आल्यापासून तशीच असणार. वीस वर्षांचा माझा अनुभव, आणि आईची मूठ मला आत्ता दिसत होती.

"आई, मूठ उघड."

"काही नाही त्यात."

"आई."

तिने उघडली. हातात प्लास्टिकची छोटी पारदर्शक पिशवी होती, दाबून बंद करायची, वर दात्यांची पट्टी असलेली. आतून दमट. आत कपाटाची किल्ली, गंजलेली.

"अहो, दिवसभर प्लास्टिक घडीत!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हवा नाही, घाम जायला वाट नाही, वर घासतंय. मलम लावताय की त्याला झाकण लावताय? अशाने वर्षभर बरं होणार नाही."

मी त्या पिशवीकडे बघत होते. ती मी ओळखत होते. आमच्या ऑफिसातली होती ती. जप्त केलेल्या चिठ्ठ्या आम्ही त्या पिशव्यांत भरतो. मावशी कामाला लागल्या त्याच्या आदल्या दिवशी मीच ती किल्ली तीत घालून आईच्या हातात दिली होती. घरात बाहेरचं माणूस येणार आहे, म्हटलं होतं. कपाटात तुझ्या बांगड्या आहेत, घराचे कागद आहेत. किल्ली अंगावेगळी करू नकोस, आणि तिला दिसू देऊ नकोस.

आईने माझं ऐकलं होतं. आयुष्यात एकदा निमूटपणे ऐकलं, ते हे.

"तूच सांगितलंस," ती पुटपुटली. "ब्रामध्ये खाली सरकवली की कुणाला दिसत नाही. आंघोळीच्या वेळी मुठीत धरते."

खोलीत मावशी होत्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग किल्लीकडे, मग माझ्याकडे. त्यांना सगळं समजायला फार वेळ लागला नाही.

"मला वाटायचं आजींना लाज वाटते," त्या म्हणाल्या. "म्हणून मी तोंड फिरवायचे."

मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. आई रडायला लागली, आणि मावशींनीच पुढे होऊन तिच्या गाऊनची बटणं लावली.

संध्याकाळी मी एजन्सीला फोन करून शब्द मागे घेतला, दुसरी बाई नको म्हटलं. हयगय माझी होती, असं लिहून घ्या म्हटलं. पलीकडची मुलगी म्हणाली, तसा रकाना नाही. मग मी मावशींना फोन केला, सगळं सांगितलं, त्या एजन्सीच्या फोनसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. सोमवारी येतील की नाही ते मला कळेना.

सोमवारी आठला बेल वाजली. मावशींच्या हातात एक खिळा होता आणि आमच्याच शेजाऱ्यांकडून आणलेली हातोडी.

"किल्ली कुठे ठेवायची ते ठरवू," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना दिसेल अशी."

त्यांनी तो खिळा आईच्या पलंगासमोरच्या भिंतीत ठोकला. गंज घासून किल्ली त्यावर अडकवली. ती पिशवी मी स्वतः कचऱ्यात टाकली. त्या दिवसापासून डावी बाजूही मावशीच करू लागल्या. भेग मिटली, लाली गेली, त्यानंतरचे दोन आठवडे मलम चालू राहिलं आणि मग थांबलं. वहीत रोज यायला लागलं: "डावी बाजू: कोरडी."

पाच आठवडे गेले. उकाडा वाढला, मधे आईला ताप येऊन साखरही चढली. रविवारी सकाळी मावशी सुट्टी असून येऊन गेल्या होत्या की काय, अशी पट्टी नीट बसलेली दिसली. विचारलं तर आई म्हणाली, मी केली, शिकवलंय तिने. सोमवारी ऑफिसला निघताना मी सहज डोकावले, तर मावशी आईची डावी बाजू उचलून टिपत होत्या, आणि घडीत फिकट लाली होती.

"परत आली?" माझा आवाज चढला.

"आज पहाटेपासून खाजतंय, आजी म्हणाल्या," मावशी म्हणाल्या. "उजवीकडेही थोडी आहे. उकाड्याने आणि साखरेने. डॉक्टरांना फोन झालाय, मलम आत्ताच सुरू करते. लवकर सापडली, लवकर जाईल."

वही उघडी होती. तारीख, वेळ, दोन्ही बाजू, साखरेचा आकडा, सगळं लिहिलेलं. पंखा टेबलावर आणून लावलेला. ह्याहून नीट मीही केलं नसतं. मी मान हलवली.

आणि मान हलवता हलवता माझे डोळे भिंतीकडे गेले. क्षणभरच. खिळ्याकडे.

मावशींनी टिपणं थांबवलं नाही, वरही बघितलं नाही.

"आहे ताई," त्या म्हणाल्या. "किल्ली जागेवरच आहे."