सोमवारचं रजिस्टर

अहमदपुरात माझं पाण्याच्या टाक्यांचं दुकान आहे. वर आम्ही राहतो, खाली टाक्या विकतो. यंदाच्या दुष्काळात धंदा लई जोरात आहे.

आधी मी कोटेशन लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहायचो, बिलं गल्ल्यात कोंबायचो आणि मेसेज फोनमध्ये सडायचे. आता माझी बायको यशोदा दर सोमवारी सकाळी शटर अर्धं ओढून मला समोर बसवते. जवाब न आलेली कोटेशनं, पैसे यायची बिलं आणि उत्तर न दिलेले मेसेज, सगळं एकाच रजिस्टरात. प्रत्येक ओळीपुढं पुढचं काम आणि तारीख. काम झाल्याबिगर ओळीवर काट मारायची नाही. मास्तरीण झाली असती तर पोरांनी शाळा सोडली असती.

या सोमवारी कोटेशनं झाली, बिलं झाली. शेवटचा मेसेज तिनं वाचला, सहा दिवसांपूर्वीचा. "हजार लिटरची टाकी पाहिजे. कधी बसवता?"

"कोण हाय हा येडा? अजून वाट बघून राहिला?"

"मीच हाय," यशोदा म्हणाली.

"बायको काय गिऱ्हाईक असते का?"

पुढच्या कामाच्या रकान्यात तिनं लिहिलं: समोरच्या टाकीवाल्या दगडोबाचं कोटेशन दोन तासांत आलं. त्याची टाकी आज चारला आपल्या गच्चीवर.

मी घाईघाईनं ती ओळ खोडायला पेन उचललं. तिनं माझा हात धरला.

"काम झाल्यावर," ती म्हणाली. "चारला."