विस्तव मागणारी

पुतणीने पहिल्या गाण्यातल्या एका शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि कागद काकांपुढे सरकवला.

"हे पाणीवालीचं नाही, काका."

काकांचा चेहरा पडला. सहाएकशे वर्षांपूर्वी लोकांच्या घरी पाणी भरणाऱ्या त्या संत बाईची गाणी गोळा करताना त्यांनी चपला झिजवल्या होत्या. पुस्तक उद्या छापखान्यात जायचं होतं. प्रस्तावना इतिहास शिकवणाऱ्या या पुतणीची, आणि पुस्तकाचं नाव नेमकं याच गाण्यावरून घेतलेलं.

"शेवटच्या ओळीत तिचं नाव आहे की!"

"नाव कुणीही घालतं. बाकीच्या गाण्यांत ती खापर घेऊन विस्तव मागायला जाते आणि शेजारीण तिला दारातूनच हाकलते. इथे ती काडी ओढून चूल पेटवते. तेव्हा काड्यापेटी कुठली?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काडी तिथेच होती.

पुतणीला ते हाकलणंच लाखमोलाचं वाटे. राजांच्या शिलालेखांत लढाया सापडतात, दानं सापडतात; विस्तव कुणाला नाकारला जाई, ते सापडत नाही. शास्त्रं पंडितांच्या भाषेत, आणि ती शिकायची मुभा मोजक्यांना. संतांनी देवाला पाणवठ्यावरच्या बोलीत आणलं. ओळी छोट्या, धृपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं, अक्षरशत्रूलाही पाठ व्हावं असं. मात्र गाणी तोंडोतोंडी फिरताना बदलली, नवी शिरली, कागदावर आली फार उशिरा. म्हणून ती पारखून घ्यावी लागत, आणि पारखताना पुतणी कुणाची भीड बाळगत नसे.

"हे मिळालं कुणाकडून?"

"हिच्याकडून. लग्न झाल्यापासून गुणगुणते."

काकू शेजारीच मटार सोलत होत्या.

"काकू, तुम्हाला कुणी शिकवलं?"

काकूंनी दोन शेंगा सोलल्या.

"कुणी नाही."

काकांना समजायला थोडा वेळ लागला.

"मग तिचं नाव कशाला घातलंस?"

"माझं घातलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?" काकू सहज म्हणाल्या. "तिच्या नावाने मनातलं बोलता येतं. माझी आईही तसंच करायची."

पुतणीने प्रस्तावनेचं पान पुढे ओढलं. संतांच्या या चळवळीने साध्या बायकांना बोलायला जागा दिली, असं प्रस्तावनेत तिनेच ठासून लिहिलं होतं. त्या बायका केव्हाच मरून गेल्या, हे तिने गृहीत धरलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने गाणं पहिल्या पानावरून काढून शेवटी नेलं, 'पाणीवालीच्या नावाने इतरांनी रचलेली' असा मथळा घातला आणि त्याखाली काकूंचं नाव लिहिलं.

काका उठले. गावोगाव नेलेला रेकॉर्डर त्यांनी कपाटातून काढला आणि मटारांच्या परातीशेजारी ठेवला.

"आणखी आहेत?"

हा प्रश्न त्यांनी परक्या दारांत कितीतरी बायकांना विचारला होता. घरात पहिल्यांदाच विचारत होते.

"पुस्तक उद्या जायचंय ना?"

"थांबेल."

काकूंनी परात बाजूला सारली आणि पदराला हात पुसले.

"वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "बसून घ्या."